ओरलच्या टेबलावरून: स्थिर पाण्याचे सहा प्रश्न

सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स असतं आणि त्याच्या शेवटी ओरल. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला, या उपनगरांतल्या कॉलेजांत मी वर्षानुवर्षं एक्स्टर्नल म्हणून बसत आले. जर्नल बाजूला ठेवायचं, विद्यार्थ्याला बसायला सांगायचं आणि पाणी हललेलं नसताना काय करतं एवढंच विचारायचं, ही माझी पद्धत. वाहत्या पाण्याचं गणित अवघड असतं, त्यात अडखळणं समजू शकतं. स्थिर पाण्याचं तसं नाही. तिथे एकच गोष्ट पक्की हवी: पाण्याचा मोकळा पृष्ठभाग कुठे आहे आणि आपण विचारतोय तो बिंदू त्याच्या किती खाली आहे. मी विचारत आलेले सहा प्रश्न, त्यांची मला अपेक्षित असलेली छोटी उत्तरं आणि टेबलावर प्रत्यक्षात काय ऐकू येतं, ते इथे लिहीत आहे.

१. पाणी किती आहे ते विचारू नका, किती खोल आहे ते विचारा

प्रश्न: विहार तलावात पृष्ठभागाच्या ३ मीटर खाली आणि तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत ३ मीटर खाली, दाब कुठे जास्त?

उत्तर: दोन्हीकडे सारखाच. p = ρgh मध्ये घनता, गुरुत्वत्वरण आणि खोली एवढंच आहे; पाण्याचा साठा किंवा भांड्याचा आकार नाही. ३ मीटरला वातावरणापेक्षा सुमारे २९.४ किलोपास्कल जास्त.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. तरीही ‘विहार’ म्हटलं की निम्मे विद्यार्थी थबकतात, कारण तलाव मोठा आहे. मग मी पुढचा प्रश्न टाकते. विहारचं धरण १८६० साली पूर्ण झालं. समजा तलाव मागे जंगलात आणखी दुप्पट लांब पसरला, पण पाण्याची पातळी तीच राहिली, तर धरण जाड करावं लागेल का? नाही. धरणाला मागच्या पाण्याची लांबी कळत नाही, आपल्या अंगावरची खोली तेवढी कळते. हे ज्याला पटलं, त्याचे पुढचे पाच प्रश्न सोपे जातात.

याच्याच पोटातला एक सापळा आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत तलावांच्या पातळ्या छापून येतात. विहार भरून वाहतो तेव्हा ८०.१२ मीटर, तुळशी १३९.१७ मीटर. मी विचारते, ‘मग भरलेल्या विहारच्या तळाशी दाब किती?’ पुष्कळ जण लगेच ८०.१२ ला ९.८१ ने गुणून ७८६ किलोपास्कल सांगतात. हे आकडे खोलीचे नाहीत. मुंबईत या पातळ्या टाउन हॉल डेटमपासून मोजतात, तलावाच्या तळापासून नव्हे. तळाची पातळी कळल्याशिवाय दाब सांगता येत नाही, आणि ‘मॅडम, तळाची पातळी द्या’ हेच पूर्ण गुणांचं उत्तर आहे. दोन पातळ्यांमधला फरक मात्र खराच. तुळशीचं पाणी विहारपेक्षा ५९.०५ मीटर उंचावर आहे. तुळशीपासून विहारच्या पातळीपर्यंत पाण्याने भरलेला, खाली बंद केलेला पाइप कल्पिला, तर त्याच्या तोंडाशी सुमारे ५७९ किलोपास्कल दाब असेल, मग पाइप बोटाएवढा असो की माणूस जाईल एवढा.

घरातला दाखला यापेक्षा जवळचा. सात मजली इमारतीत टाकीतलं पाणी तळमजल्याच्या नळापेक्षा २२ मीटर वर असेल, तर बंद नळामागे सुमारे २१६ किलोपास्कल दाब असतो. प्लंबर त्याला ‘दोन किलो प्रेशर’ म्हणतात आणि ते बरोबर आहे, कारण १० मीटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. सातव्या मजल्यावरच्या नळाच्या वर पाणी फक्त ३ मीटर, तिथे ०.३ किलोच मिळणार. शॉवर नीट येत नाही म्हणून त्या घरातले लोक सोसायटीकडे मोठी टाकी मागतात. रुंद टाकीने काहीच होणार नाही. टाकी उंच करा, नाहीतर वरच्या मजल्यांसाठी छोटा पंप लावा. पाइप जाड केला तर? इथे विद्यार्थ्याने थांबून सांगायला हवं की नळ बंद असेल तर फरक पडत नाही. नळ सुरू झाला की घर्षणाने दाब घटतो आणि तिथे जाड पाइपचा उपयोग होतो. स्थिर पाण्याचं शास्त्र कुठे संपतं हे ज्याला सांगता येतं, त्याला मी पुढचं फारसं विचारत नाही.

२. पंप पाणी ओढत नाही

प्रश्न: तळघरातल्या टाकीचं पाणी चढवायला पंप गच्चीवर का बसवत नाहीत?

उत्तर: पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, पाणी वर ढकलतं ते टाकीवरचं वातावरण. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १०१.३ किलोपास्कल, म्हणजे पाण्याचा १०.३ मीटर उंच स्तंभ. त्याहून वर पंपाच्या ओढीने पाणी येऊ शकत नाही, मग पंप कितीही हॉर्सपॉवरचा असो.

इथे गेज आणि ॲब्सोल्यूट दाबातला फरक विचारण्याची गरजच उरत नाही, तो आपोआप बाहेर येतो. ‘निगेटिव्ह प्रेशर’ म्हणजे गेजवर शून्याच्या खाली. खरा दाब शून्याखाली जात नाही. म्हणून व्हॅक्यूम गेजचा काटा मुंबईत उणे १०१ च्या पलीकडे जाऊ शकत नाही. असं वाचन जर्नलमध्ये दिसलं तर ते बनवलेलं आहे, हे मला न विचारताच कळतं.

व्यवहारात १०.३ मीटरही मिळत नाहीत. ३० अंश तापमानाला पाण्याची वाफ सुमारे ४.२ किलोपास्कल दाबाने होते. दाब तिथपर्यंत उतरला की पाणी पाइपमध्येच उकळू लागतं. त्यात पाइपचं आणि फूट व्हॉल्व्हचं घर्षण. म्हणून पंप पाण्यापासून सहा-सात मीटरच्या आतच ठेवतात. पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज येऊ लागला की समजावं, ओढ फार झाली आहे आणि आत बुडबुडे होऊन फुटताहेत. टोरिचेलीने १६४३ मध्ये पाण्याऐवजी पारा घेतला तो याच उंचीपासून सुटका म्हणून. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, त्यामुळे स्तंभ ७६० मिलिमीटरवर आला आणि टेबलावर मावला.

३. गवंड्याची नळी

मॅनोमीटरवर मी पुस्तकातला प्रश्न विचारत नाही. बांधकामावर पारदर्शक नळीत पाणी भरून एका कॉलमवरची पातळी दुसऱ्या कॉलमवर नेतात, ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं.

प्रश्न: ती नळी मधे कशीही वेडीवाकडी पडली तरी दोन टोकांना पाणी एकाच पातळीवर का? आणि कधी ते चुकतं?

उत्तर: तोच द्रव सलग असेल तर एका आडव्या पातळीवर दाब सारखा, दोन्ही टोकं वातावरणाला उघडी, म्हणून दोन्ही पृष्ठभाग एका पातळीवर. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की सलगता तुटते आणि वाचन चुकतं.

खरी परीक्षा पुढे. ५ सेंटिमीटर लांबीचा, नळी पूर्ण व्यापणारा बुडबुडा कुठे असेल तर चूक होईल? नळीच्या आडव्या भागात असेल तर काहीच नाही. उभ्या भागात असेल तर त्या बाजूचं पाणी जवळपास ५ सेंटिमीटर वर उभं राहील, कारण तेवढ्या उंचीत पाण्याचं वजन नाही आणि ती भर वरच्या पाण्याने काढावी लागते. हे उत्तर कागद न घेता देणारी मुलं फार थोडी. जी देतात त्यांना मी मनापासून शाबासकी देते. चांगला गवंडी हे जाणतो. तो आधी दोन्ही टोकं शेजारीशेजारी धरून पाणी जुळतं का बघतो, नळी टिचक्या मारून हवा काढतो, मगच एक टोक लांब नेतो. टोकावरचा अंगठा काढायचा राहिला तरी तीच गत, कारण मग एका बाजूला वातावरण नाही.

४. भरतीचं दार

हा माझा आवडता प्रश्न आणि बहुतेकांचा नावडता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहरातलं पाणी उतरेना, कारण भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर असते. त्यानंतर नाल्यांच्या मुखांशी पर्जन्य जल उदंचन केंद्रं उभारण्याच्या कामाला वेग आला; अंधेरी-जुहूच्या बाजूचं इर्ला हे त्यांतलं एक. कल्पना साधी आहे: भरतीला दार बंद करून समुद्र बाहेर ठेवायचा आणि नाल्याचं पाणी पंपाने समुद्रात टाकायचं. त्या दारावर किती जोर येतो, हा स्थिर पाण्याचा शुद्ध प्रश्न.

प्रश्न: दार २ मीटर रुंद, ३ मीटर उंच. समुद्राकडे पाणी पूर्ण ३ मीटर, नाल्याकडे १ मीटर. निव्वळ बल किती आणि तळापासून किती उंचीवर? सोयीसाठी दोन्हीकडे गोडं पाणी धरा.

पहिली चूक इथे हमखास होते. विद्यार्थी म्हणतो, फरक २ मीटरचा, म्हणून २ मीटर पाण्याचं बल काढतो. ते येतं ३९ किलोन्यूटन, म्हणजे खऱ्याच्या निम्मं. प्रत्येक बाजू वेगळी करावी लागते. समुद्राकडे सरासरी दाब दीड मीटर खोलीचा, म्हणजे १४.७ किलोपास्कल, क्षेत्र ६ चौरस मीटर, बल ८८.३ किलोन्यूटन, सुमारे ९ टन. ते तळापासून एक तृतीयांश उंचीवर, १ मीटरवर लागतं. नाल्याकडे सरासरी दाब अर्ध्या मीटरचा, क्षेत्र २ चौरस मीटर, बल ९.८ किलोन्यूटन, तळापासून ३३ सेंटिमीटरवर. निव्वळ बल ७८.५ किलोन्यूटन. तळाभोवती मोमेंट घेतला तर ८८.३ वजा ३.३, म्हणजे ८५; त्याला ७८.५ ने भागलं की जागा मिळते १.०८ मीटर. खाऱ्या पाण्याची घनता १०२५ घेतली तर समुद्राकडचं बल अडीच टक्क्यांनी वाढेल, पण उत्तराचं रूप तेच.

आता कारण विचारते. बल मध्यावर, म्हणजे दीड मीटरवर का नाही? ‘फॉर्म्युला तसा आहे’ हे उत्तर मला चालत नाही. दाब खाली वाढत जातो, म्हणून दाराचा खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा जास्त जोर घेतो आणि बलाची जागा खाली सरकते, एवढं एक वाक्य पुरे.

मग याच दाराला पाण्यात खोल नेते. दाराची वरची कड पृष्ठभागाखाली १० मीटर आहे आणि पाणी एकाच बाजूला आहे. बल वाढून ६७७ किलोन्यूटन होतं. बलाची जागा मात्र मध्याच्या जवळ येते. दार पृष्ठभागाला टेकलेलं होतं तेव्हा ती मध्याच्या अर्धा मीटर खाली होती. आता फक्त साडेसहा सेंटिमीटर. विद्यार्थ्यांना हे उलटं वाटतं, त्यांना वाटतं खोल गेलं की जागाही आणखी खाली जाईल. खोलीवर वरच्या आणि खालच्या कडेच्या दाबांतला फरक तोच राहतो, पण एकूण दाबाच्या मानाने तो लहान होतो, त्यामुळे दाब दारभर जवळपास एकसारखा पसरतो. बिजागरी कुठे लावायची आणि दार उचलायची मोटर केवढी घ्यायची, हे या सेंटिमीटरांवरच ठरतं.

शेवटी एक हलका प्रश्न: दोन्हीकडे ३ मीटर पाणी झालं तर? निव्वळ बल शून्य. ओहोटी लागून नाल्याचं पाणी वर राहिलं तर? बल उलट दिशेने. वर टांगलेलं झडपेचं दार ओहोटीला आपोआप उघडतं ते यामुळेच, आणि कडेला गाळ किंवा प्लास्टिक अडकलं की भरतीला ते पुरतं मिटत नाही, हेही यामुळेच.

५. वर्सोव्याची होडी

प्रश्न: तरंगत्या होडीचं गुरुत्वमध्य उत्प्लावन केंद्राच्या वर असेल तर ती उलटेल का?

उत्तर: तेवढ्याने नाही. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर होडी सावरते. उत्प्लावन केंद्र वर असण्याची अट पूर्ण बुडालेल्या वस्तूला लागू.

लॅबमध्ये पाँटूनचा प्रयोग करून आलेली मुलंही इथे गडबडतात, कारण वजन सरकवून कोन वाचला एवढंच लक्षात राहतं. होडी कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि उत्प्लावन केंद्र कललेल्या बाजूला सरकतं, सगळं तिथे आहे. प्रयोगात कोन लहान ठेवायचा तोही यासाठी. फार कलवलं तर मेटासेंटर एका जागी राहत नाही आणि प्रत्येक वाचनाला वेगळं उत्तर येतं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, बर्फ आणि मासळी खालच्या खणात का भरायची. वर डेकवर रचलं तर गुरुत्वमध्य चढतं. खणात पाणी साचून ते इकडून तिकडे वाहू लागलं तर तेही होडीला सावरू देत नाही.

६. तरंगणारी टाकी

बहुतेक विद्यार्थी उत्प्लावन म्हटलं की होड्या आणि बर्फ सांगतात. उपनगरांत जिथे भूजल वर येतं, तिथे उत्प्लावन सोसायटीच्या आवारातच, जमिनीखाली असतं.

प्रश्न: पावसाळ्यात भूमिगत टाकी रिकामी केली. ती वर उचलली जाईल का?

समजा टाकी बाहेरून ६ मीटर लांब, ४ रुंद, ३ खोल. स्लॅब जमिनीच्या बरोबरीत. भिंती, तळ, स्लॅब सगळं २५ सेंटिमीटर जाड. बाहेरचं आकारमान ७२ घनमीटर, आतली पोकळी सुमारे ४८.१, म्हणजे काँक्रीट २३.९ घनमीटर. घनमीटरला २५ किलोन्यूटन धरले तर वजन ५९७ किलोन्यूटन. भूजल जमिनीपर्यंत आलं तर वर ढकलणारं बल ७२ गुणिले ९.८१, म्हणजे ७०६. टाकी उचलली जाईल.

‘विस्थापित पाण्याच्या वजनाइतकं’ हे उत्तर बरोबर आहे, पण मी विचारते, हे बल टाकीला नेमकं कुठे लागतं? इथे पुष्कळ मुलं गप्प होतात. ते तळाच्या खालून लागतं. तळ ३ मीटर खोल, तिथे दाब २९.४ किलोपास्कल, क्षेत्र २४ चौरस मीटर, गुणाकार तोच ७०६. पहिल्या प्रश्नातला ३ मीटरचा दाब आणि हा दाब एकच आहे. आर्किमिडीजचा नियम p = ρgh पासून वेगळा नाही, हे याच गुणाकारात दिसतं.

मग उलटा प्रश्न: भूजल किती वर आलं की धोका सुरू? ५९७ ला २४ गुणिले ९.८१ ने भागलं की तळापासून २.५४ मीटर मिळतात, म्हणजे जमिनीखाली अवघं ४६ सेंटिमीटर. सखल भागात जुलैत ही पातळी सहज गाठली जाते. टाकीत किती पाणी ठेवलं तर ती बसून राहील? तूट १०९ किलोन्यूटनची. आतल्या तळाचं क्षेत्र १९.२५ चौरस मीटर. म्हणजे जवळपास ५८ सेंटिमीटर पाणी. हे काठावरचं उत्तर झालं. डिझाइनमध्ये १.२ पट सुरक्षितता धरतात, तर वजन ८४७ हवं आणि पाणी सव्वा मीटरहून थोडं जास्त लागतं. बाजूच्या मातीचं घर्षण मी यात धरलेलं नाही. ते मदत करतं, पण भिजून सैल झालेल्या भरावाच्या भरवशावर कुणी टाकी रिकामी करू नये.

उचलली गेलेली टाकी एकदम बाहेर येत नाही. आधी स्लॅबची कड भोवतालच्या फरशीपेक्षा बोटभर वर दिसते, झाकण नीट बसत नाही, आत येणारा पाइप जोडावर तडकतो आणि पुन्हा भरल्यावर पाण्याला मातीचा वास येऊ लागतो. पाणी उतरलं की टाकी खाली बसते, पण तिच्याखाली गाळ शिरलेला असतो, म्हणून ती सरळ बसत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना एवढंच सांगायचं आहे: भूमिगत टाकीची सफाई मेअखेरपर्यंत उरकून घ्या. पावसाळ्यात करावीच लागली तर आधी आवारात एक छोटा खड्डा खणून भूजल किती खाली आहे ते मोजा. टाकीचे दोन भाग असतील तर एका वेळी एकच रिकामा करा आणि दुसरा पूर्ण भरलेला ठेवा.